दोन सेंटिमीटर कमी

जासिंत, हे पत्र म्हापशाला तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू ते फोडशील याची खात्री नाही. तरी लिहिते, कारण मी त्र्याहत्तर वर्षांची झाले आणि मला न सांगता राहवत नाही. तुला ठाऊकच आहे ते. एकतीस वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलास, तेव्हा मी तुला सांगितलं होतं, "लोबो, मला तोंड आवरत नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस." तू म्हणालास, "बाई, माका घरात आवय आसा, सवय आसा." आईच्या बोलण्याची सवय होती तुला. तेवीस वर्षांचा होतास. बारावीला फिजिक्समध्येच नापास झालेला मुलगा फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला, म्हणून स्टाफरूममध्ये सगळे हसले होते. मीही हसले होते.

सहा महिन्यांत मी हसायची थांबले.

आपल्या कॉलेजात एक चाल होती आणि ती तूच पाडलीस. मुलांची जर्नलं माझ्याकडे सहीला यायच्या आधी तुझ्या टेबलावरून जात. कुणी तुला सांगितलं नव्हतं. काचेची भांडी पुसून झाली, की तू स्टुलावर बसायचास, एक लाकडी पट्टी घ्यायचास आणि पान शेवटाकडून वाचायला लागायचास. आधी उत्तर, मग सरासरी, मग शेवटचा रकाना, आणि असं मागे मागे येत पहिल्या रकान्यातल्या रीडिंगपर्यंत. मी विचारलं, उलटं का वाचतोस? म्हणालास, "पोरां खोटा उत्तरापासून करूक लागतत. मगे आपण पण थयसूनच सुरू करूक होया."

हे मला एम.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा एका मुलाचं, लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढायच्या प्रयोगाचं जर्नल तू माझ्यासमोर ठेवलंस. वीस आंदोलनांना ३६.३ सेकंद. मी म्हटलं, बरोबर आहे की. तू खिशातून ते गंजलेलं स्टॉपवॉच काढलंस आणि माझ्या हातात दिलंस. त्या घड्याळाचा एक भाग दोन दशांश सेकंदाचा. काटा ३६.२ दाखवेल, नाहीतर ३६.४. विषम आकडा त्या घड्याळात नव्हताच. तो मुलगा, त्याचं नाव घेत नाही, आज मुंबईत मोठ्या हुद्द्यावर आहे, तो तुझ्यापुढे रडला. तू त्याला म्हणालास, "रडतंस कित्याक? घड्याळ घे, परत कर. g तुज्या घरात ९.८१ असतलो, आमच्या प्रयोगशाळेत जेवढो गावता तेवढोच लिवायचो." मुलं तुला घाबरायची. मला नाही घाबरायची, तुला घाबरायची. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझ्याच मागे लागायची, जासिंतकाका, जासिंतकाका.

नियम मात्र माझा होता. सही झालेल्या कागदावर पुन्हा पेन लावायचं नाही. चूक सापडली तर नवा कागद घ्या, जुना कच्च्या वहीत जपून ठेवा, पण सहीखालचं एक अक्षर बदलायचं नाही. पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहायची. माझ्या निवृत्तीनंतर तू ते तोंडी सांगत राहिलास, हे मला नंतर कळलं. फार नंतर.

मी निवृत्त झाले त्याला तेरा वर्षं झाली. तू येत राहिलास, रविवारी मिस्सा झाली की. तुझ्या लुईझाने केलेलं काहीबाही घेऊन यायचास, आणि नाताळात तर डबा भरून. मी डोळ्यांसाठी कोल्हापूरला जायला लागले तेव्हापासून तू मला कामं सांगायला लागलास. बाई, रेशमी दोरा हाडा, लंबकाचो तुटता. बाई, बारीक वायर. बाई, सोडियमच्या दिव्याचो होल्डर. कॉलेजची मागणी ऑफिसात पडून राहायची, तू माझ्याकडून आणून घ्यायचास. बिंदू चौकाजवळच्या बोळातलं ते शास्त्रीय साहित्याचं दुकान मला तूच ठाऊक करून दिलंस. मी कुरकुर करायची. "मी तुझी हमाल आहे का रे?" म्हणायची. आणि आणायची.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तुझा फोन आला होता. मी आवराआवर करत होते, एसटी सुटायची होती. तू म्हणालास, लंबकाच्या टेबलाची मीटरपट्टी खालच्या टोकाला सडून फुटली, पितळेची टोपी गळून पडली. फुटलेलं टोक तू करवतीने सरळ दोनच्या खुणेवर कापलंस, म्हणजे वजाबाकी तरी सोपी. "दोन वजा केले की झाला. पण बाई, पोरां विसरतत. एक नवी पट्टी हाडशात?"

मी "हो हो" म्हणाले. फोन ठेवला. एसटी पकडली.

आता गेल्या वर्षीच्या मार्चबद्दल.

प्राचार्यांचा फोन आला. ते माझे विद्यार्थी, तुला ठाऊक आहेत, तुझ्याकडून दोनदा जर्नल परत घेऊन गेलेले. म्हणाले, "मॅडम, एक नाजूक प्रकरण आहे. तुम्हीच बघा. बाहेरच्या कुणाला बोलावलं तर गावभर होईल." मी रिक्षाने गेले. खोलीत चौघंजण. प्राचार्य. अजय सर, तासिका तत्त्वावर लागलेला नवा मुलगा, रोज कणकवलीहून बसने येणारा, हुशार, पण प्रयोगशाळेत शर्टाला डाग पडेल म्हणून टेबलापासून हातभर लांब उभा राहणारा. खुर्चीवर ग्लेनिशा, तुझी मुलगी, पहिल्या वर्षाला. आणि दाराजवळ तू, हातात एक कच्ची वही गुंडाळून धरलेली.

अजयने सांगितलं. ग्लेनिशाच्या लंबकाच्या प्रयोगात g आला होता १०.०८. त्याने फेब्रुवारीअखेर जर्नलं तपासताना निरीक्षणांच्या पानावर लाल शेऱ्यात लिहिलं, पुन्हा करा. चार दिवसांत नवं पान लिहून आलं, त्यावर g ९.७९. प्रयोग पुन्हा केलाच नव्हता, कारण त्या आठवड्यात प्रयोगशाळा बंद होती. "मॅडम, वडील परिचर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. मी आरोप करत नाही. पण पानच सांगेल."

प्राचार्य म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच बघा, की पान स्वतःशी जुळतं का. जुळत असेल तर मी सर्टिफिकेटवर सही करतो. नसेल तर करणार नाही."

सर्टिफिकेट नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, आणि प्रात्यक्षिक नाही तर वर्ष गेलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. ग्लेनिशाला सगळ्यांत जास्त. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, लहान मुलं ठेवतात तसे.

मी चष्मा बदलला आणि पान पुढ्यात घेतलं. तुझ्यासारखंच, शेवटाकडून.

उत्तर ९.७९, अधिक-उणे ०.१६. सहा ओळींची सरासरी मी कागदावर काढली, ९.७९ बरोबर. ओळींमधले g कमीत कमी ९.७४, जास्तीत जास्त ९.८३. पसारा त्या अधिक-उणेच्या मर्यादेत बसणारा. T चा वर्ग, बरोबर. T म्हणजे वेळ भागिले वीस, बरोबर. वेळा २७.८, ३०.६, ३३.२, ३५.४, ३७.६, ३९.८, सगळे सम आकडे, म्हणजे आपल्याच घड्याळाचे. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

मग लांबी बघितली. ४८, ५८, ६८, ७८, ८८, ९८.

लंबकाची लांबी कोण अठ्ठेचाळीस घेतं? मुलं पन्नास घेतात, साठ घेतात. मनात खटका उडाला. मी पान उलटलं. पुढचा कागद आलेखाचा. त्याच्या मागे चुकीचं विश्लेषण, म्हणजे मापनात किती चूक संभवते त्याचा हिशेब, ऑगस्टमधला, दोन्ही बाजूंना अजयची सही. लांबीतली सापेक्ष चूक तिथे लिहिली होती ०.१ भागिले ५०, म्हणजे ०.००२०. पन्नास. अठ्ठेचाळीस असती तर ०.००२१ आलं असतं. चौथ्या दशांश स्थळावरचा एक आकडा. तो शोधायला मला तूच शिकवलंस.

आणि आलेख. लांबी आडव्या अक्षावर, T चा वर्ग उभ्या. बिंदू पन्नास, साठ, सत्तर यांवर. रेघ सुंदर काढली होती, पण ती शून्यातून जात नव्हती. आडवा अक्ष दोन सेंटिमीटरवर कापत होती. म्हणजे दोन सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला हलायला वेळच लागत नाही, असं तो आलेख म्हणत होता.

तक्ता एक लांबी सांगतो, आलेख दुसरी. मधलं अंतर सगळीकडे बरोबर दोन.

मी वर बघितलं. "ग्लेनिशा, लांब्या तू बदलल्यास?"

"हो मॅडम."

"आलेख का नाही बदललास?"

"सही झाली होती. पप्पा सांगतात, सही झालेल्या कागदावर पेन लावायचं नाही."

आणि मी काय म्हणाले, ते मला रोज ऐकू येतं. मी म्हणाले, "अस्सं! म्हणजे सही झालेला कागद पवित्र, आणि न झालेल्यावर पाहिजे ते लिहायचं! छान शिकवण आहे."

अजय हसला. अगदी बारीक, पण हसला.

तू एक पाऊल पुढे आलास. "बाई, पट्टी..."

"जासिंत, तू इथे बाप आहेस, परिचर नाहीस. बाहेर थांब."

"बाई, ही कच्ची वही..."

"कच्ची वही नको मला. पान स्वतःशी जुळतं का, एवढंच विचारलंय. मला पान बघू दे."

तू थांबलास. माझ्याकडे बघितलंस. तुला आठवतं ना, सोडियमचा दिवा पेटायला वेळ लागायचा, मी ओरडायची, आणि तू नुसता उभा राहून दिव्याकडे बघायचास. तसंच बघितलंस. मग वही काखेत धरून बाहेर गेलास. दार ओढून घेतलंस, आवाज न करता.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिते, कारण ते तुझ्यापुढे कबूल करायचंच आहे. मी विचार केला, आलेखाचा उतार बरोबर आहे, उतारावरून g ९.८ च्या आसपास येतो. म्हणजे वेळा खऱ्या आहेत. सगळ्या लांब्यांतून नेमके दोन वजा केले की प्रत्येक ओळीतलं उत्तर जागेवर येतं. हे समजायला डोकं लागतं. अठरा वर्षांच्या पोरीचं हे डोकं नाही, हे जासिंतचं डोकं आहे. तीस वर्षं दुसऱ्यांची खोटी पानं पकडणाऱ्याने आपल्या पोरीसाठी एक पान नीट करून दिलं. त्याला जमेल तेवढं चांगलं केलं, फक्त आलेखाला हात लावायचा धीर झाला नाही.

मला राग आला, जासिंत. तुझाच आला. तुझ्याबद्दल फार मोठं काहीतरी मनात ठेवलं होतं, ते पडलं असं वाटलं. आणि रागात माणूस लवकर लिहितो. मी तिथेच अर्ध्या पानावर लिहून दिलं: तक्त्यातली लांबी आणि आलेखातली लांबी यांत सर्वत्र दोन सेंटिमीटरचा फरक आहे, चुकीचं विश्लेषण आधीच्या लांबीवर केलेलं आहे, लांबी नंतर बदलली आहे, पान स्वतःशी जुळत नाही. खाली सही. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच मला ते जास्त लागतं.

वर एक सल्लाही दिला. मागच्या वर्षांची जर्नलं मुलांच्या हाताला लागू देऊ नका, कुलपात ठेवा. त्या बॅचमधल्या बाकीच्या पाच जणांची पानं मी नुसती चाळली होती. सगळ्यांचा g ९.८१. सगळ्यांची रेघ शून्यातून. अजयने त्या पाचांवर सही केली होती. मीही काही बोलले नाही. मला फक्त एकच पान विचारलं होतं ना!

सर्टिफिकेट झालं नाही. प्रात्यक्षिकाला ग्लेनिशा बसली नाही. आणि तू एप्रिलमध्ये राजीनामा दिलास. निरोपाला नारळ आणि शाल घ्यायलाही आला नाहीस. मी म्हटलं, बघा, मान खाली घालायला लागली म्हणून पळाला. हेही मी बोलले. कुणापुढे ते सांगत नाही.

तुझ्या जागेवर कोणी लागलं नाही. पद रिकामं आहे, ते रिकामंच राहणार, आजकाल असंच असतं.

सप्टेंबरमध्ये अजय सर माझ्या घरी आला. काखेत जर्नलांचा गठ्ठा. घाम पुसत म्हणाला, "मॅडम, या वर्षी सगळ्यांनी मिळून कॉपी केलीय. बारा जणांची पूर्ण बॅच. जुनी जर्नलं तर तुम्ही सांगितल्यासारखी कुलपात आहेत, मग कुठून केली कळत नाही. सगळ्यांचा g दहाच्या वर. १०.०६, १०.११, १०.०४. एकाने चुकवलं, बाकीच्यांनी उतरवलं."

मी त्याला चहा दिला आणि पानं बघायला लागले. वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकाची २७.६, दुसरीची २८.०, तिसऱ्याची २७.८. कॉपी केली असती तर वेळा सारख्या असत्या. खरी रीडिंगं होती. मुलांनी प्रयोग केला होता. कुलपामुळे त्यांना करावाच लागला होता. प्रत्येक तक्त्यात g वरून खाली सरकत होता, लहान लांबीला जास्त, मोठ्या लांबीला कमी. मी आलेख काढून टेबलावर एकाशेजारी एक लावले. बारा आलेख.

बाराही रेघा दोन सेंटिमीटरवर अक्ष कापत होत्या.

मी खुर्चीवर बसलेली उठले ती उभीच राहिले. अजय म्हणाला, "मॅडम, काय झालं? साखर आहे का तुम्हाला?"

"तुझा लंबक ज्या पट्टीने मोजतात, ती पट्टी तू हातात घेतली आहेस कधी?"

"पट्टी?"

"चल."

रिक्षाने कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेचं कपाट उघडायला त्याला दहा मिनिटं लागली, त्याला किल्लीच ठाऊक नव्हती. पण कपाटात पट्टी नव्हतीच, ती लंबकाच्या टेबलावर होती. मी ती खिडकीशी नेली. एका टोकाला पितळेची टोपी. दुसऱ्या टोकाला करवतीचा सरळ, स्वच्छ काप, आणि कडेला पहिला आकडा तीन. काप नेमका दोनच्या खुणेवर. असा काप तुझ्याशिवाय कोण करील? ते टोक वर, दोरी पकडून ठेवणाऱ्या बुचाला टेकवून दुसऱ्या बाजूला गोळ्याच्या मध्यावर पन्नास वाचायचं. वाचणाऱ्याला वरचं टोक दिसतच नाही. पन्नास वाचलं की दोरी असते अठ्ठेचाळीस.

आणि तेव्हा मला तुझा फोन आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. एसटी सुटत होती तेव्हाचा.

तू ते मला सांगितलं होतंस, जासिंत. मला माहीत होतं. त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत "बाई, पट्टी..." एवढ्या दोन शब्दांत तू मला त्याची आठवण करून देत होतास, आणि मी तुला बाहेर पाठवलं.

अजय मागून म्हणाला, "मॅडम, म्हणजे ग्लेनिशाचं..."

"गप बस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. तू गेला होतास म्हापशाला, बहिणीच्या बेकरीत कामाला, हे मला तिथे कळलं. ग्लेनिशा तिथेच एका दातांच्या डॉक्टरकडे नावं लिहून घ्यायला बसते, हेही. लुईझा सुपात तांदूळ निवडत होती. उठली नाही. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही.

"लुईझा, गेल्या वर्षीची ग्लेनिशाची कच्ची वही आहे का गो?"

"आता होयी तुमका कच्ची वही?" तिने मान वर केली नाही. "तेव्हा नको होती."

तिने सूप खाली ठेवलं, आत गेली, आणि वही आणून माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. मी ती तिथेच उभ्याने उघडली. ऑगस्टमधली रीडिंगं, ग्लेनिशाच्या हातची, लांबी ५०, ६०, ७०, वेळा त्याच. मध्ये जपून ठेवलेलं मूळ पान, अजयच्या लाल शेऱ्यासकट. आणि खाली फेब्रुवारीची तारीख घालून दोन ओळी: "प्रयोगाच्या दिवशी पट्टी २ सेमी कमी असल्याचे माहीत नव्हते. सर्व लांबीतून २ वजा केले. वेळ तशीच." शेजारी पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात: सरांना दाखव.

"दाखवलं होतं का अजय सरांना?" मी विचारलं.

"दाखवलां. त्येंनी म्हटलां, रफ बघूक वेळ नाय, फेअर पान द्या."

"पण जासिंतने तिला आधीच का नाही सांगितलं? ऑगस्टमध्ये? प्रत्येक बॅचला सांगायचा ना तो."

लुईझा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "तिची बॅच गुरुवारी. गुरुवारी तो मुद्दाम केमिस्ट्रीत जाऊन बसायचो. पोरीच्या बॅचीक हात लावूचो नाय म्हणून. लोकां म्हणतीत, बापान मदत केली. तुमचीच शिकवण ती, बाई. तुमचा नाव घेऊन सांगायचो माका, बाई असती तर असाच केला असता."

म्हणजे त्या एका दिवशी तू प्रयोगशाळेत नव्हतास. वजा दोन सांगायला कुणी नव्हतं. बाकीच्या पाचांना पट्टीची गरजच नव्हती, त्यांच्याकडे मागच्या वर्षीची जर्नलं होती. पट्टी हातात धरून खरं मोजणारी त्या दिवशी एकटी तुझी मुलगी.

मी वही परत ओट्यावर ठेवली. लुईझा म्हणाली, "घेऊन जावा. आमका काय करूची आसा ती?"

मी नेली. प्राचार्यांपुढे ठेवली, पट्टीही ठेवली. माझा अहवाल चुकीचा आहे असं लिहून दिलं, सहीनिशी. त्यांनी वाचलं. त्यांचाही चेहरा उतरला, तसे ते वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, परीक्षा होऊन गेली, निकाल लागले. विद्यापीठाकडे आता काय पाठवू? ती मुलगी परत यायला तयार असेल, तर पुन्हा प्रवेश देतो. फी माफ करतो हवं तर."

"माफ?" मी म्हटलं. "कोण कुणाला माफ करतोय?"

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायले नाही. तेव्हा तरी तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं. अहवाल चुकीचा असल्याचं माझं पत्र त्यांनी फाइलला लावलं आहे, मी डोळ्यांनी बघितलं. तुला त्याची प्रत यासोबत आहे. त्या प्रतीचं काय करायचं ते मला कळत नाही, तुलाही कळणार नाही. ग्लेनिशाला मी फोन केला होता. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी आता कामावर आहे. पेशंट आहेत." आवाज तुझ्यासारखा शांत. दार ओढून घेतल्यासारखा.

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागितली की माणसाला वाटतं आपण काहीतरी केलं. मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले की तुमचं पान तुमच्याबद्दल साक्ष देतं. त्या दिवशी ते पान साक्ष देत होतं. दोन सेंटिमीटर, सगळीकडे सारखे, एकही ओळ चुकवून नाही. ज्याला खोटं करायचं असतं तो उत्तर जुळेपर्यंत एकेक ओळ हलवतो. सगळं सारखं हललेलं असलं की बोट पट्टीकडे असतं. हे मला त्या खुर्चीत बसून कळायला हवं होतं. तुला एका नजरेत कळलं असतं. तुलाच मी बाहेर काढलं.

मागच्या मंगळवारी डोळ्यांसाठी कोल्हापूरला जाऊन आले. दुकान त्याच बोळात आहे. बाहेर लाकडी मीटरपट्ट्या बादलीत उभ्या करून ठेवल्या होत्या, पितळेच्या टोप्यांच्या. मालकाने मला ओळखलं. म्हणाला, "काय बाई, या वेळी काय पाहिजे जासिंतरावांना?"

मी म्हटलं, "काही नाही." आणि एसटी सुटेल म्हणून निघाले. एसटीला तासभर होता.